साठ बिलांत चार डेव्हिएशन: पुढची तपासणी किती आणि कशी बदलायची

फेब्रुवारीत नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका सोयाबीन तेलाच्या प्लांटवर आमचं ऑडिट चालू होतं. सीएची आर्टिकलशिप करणारी मुलगी संध्याकाळी धंतोलीच्या ऑफिसात फाइल घेऊन आली. "सर, साठ बिलं तपासली, चार फेल आहेत. पण चारही बिलांचं पेमेंट झालंय, तक्रार कुणाचीच नाही. वर्किंग पेपरमध्ये 'सॅटिसफॅक्टरी' लिहू ना?"

हा प्रश्न दर वर्षी, प्रत्येक बॅचकडून येतो. म्हणून हेच प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो. कंपनीचं नाव सांगत नाही, आकडेही गोल केले आहेत.

कंट्रोल नेमकं काय होतं

प्लांटवर ट्रक येतो, वजनकाट्यावर चढतो, काटा पावती निघते. लॅबवाले नमुना काढून ओलावा मोजतात आणि लॅब स्लिप देतात. सौद्याची अट अशी की ओलावा १० टक्क्यांपर्यंत चालेल. त्याच्या वर जितके टक्के, तितके टक्के वजनात कटती. अडत्याचं बिल आलं की अकाउंट्स ऑफिसर सौदा चिठ्ठी, काटा पावती आणि लॅब स्लिप बिलाशी जुळवतात, बिलावर सही करतात आणि स्वतःच्या लॉगिनमधून ते पास करतात. आमचं कंट्रोल ते हेच.

एप्रिल ते जानेवारी या काळात अशी ३,१२० बिलं झाली होती, रक्कम १४० कोटी. एक बिल साधारण १०० क्विंटलचं, साडेचार लाखांच्या आसपास. नियोजन करताना आम्ही ठरवलं होतं की हे कंट्रोल १०० पैकी ८ वेळांपेक्षा जास्त चुकत नसेल तर त्यावर विसंबायचं. नमुना ६० बिलांचा, यादृच्छिक निवडीचा, आणि त्यात एखादं डेव्हिएशन निघेल हे गृहीत धरलेलं.

'डेव्हिएशन कशाला म्हणायचं' हे तपासणी सुरू होण्याआधी एका वाक्यात लिहून ठेवा. आम्ही लिहिलं होतं: तीनपैकी कोणताही एक कागद नसणे, ऑफिसरची सही किंवा त्यांचं लॉगिन नसणे, किंवा सही असूनही कागद आणि बिल न जुळणे. यातला शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. मग सही दिसली की टिक होते, आणि तपासणी फक्त शाईची होते.

पहिली पायरी: कोणतं डेव्हिएशन, कोणतं नाही

आर्टिकलच्या मूळ यादीत खरं तर पाच बिलं होती. एक बिल रद्द होऊन त्या जागी दुसरं निघालेलं होतं. रद्द बिलावर हे कंट्रोल लागूच होत नाही, त्यामुळे रद्द झाल्याची खात्री करून त्याऐवजी दुसरं बिल घ्यायचं. ते तिने बरोबर केलं होतं.

दुसऱ्या एका बिलाची लॅब स्लिप सापडत नव्हती. स्टोअरवाले म्हणाले, फाइल आहे, सापडेल. आठवडा वाट पाहिली, सापडली नाही. इथे दुसरं बिल निवडायचा मोह होतो. पण ऑडिटचं मानक एसए ५३० याबाबत स्पष्ट आहे: निवडलेल्या बाबीवर तपासणी करता आली नाही आणि पर्यायी पद्धतही नसेल, तर ते डेव्हिएशन धरायचं. लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये त्या ट्रकची नोंद होती आणि ओलावा ९ टक्के होता. म्हणजे रक्कम बरोबर होती. पण ऑफिसरने ती स्लिप पाहून सही केली का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. रकमेची चूक नाही, कंट्रोलचं डेव्हिएशन मात्र आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वर्किंग पेपरमध्येही त्या वेगळ्याच लिहायच्या.

उरलेली तीन अशी: दोन बिलं दिवाळीनंतरच्या आठवड्यातली, ऑफिसरची सही नाही, पास केली क्लार्कच्या लॉगिनमधून. आणि एक जुलैचं. सही आहे, लॉगिन बरोबर आहे, तिन्ही कागद टाचलेले आहेत. पण लॅब स्लिपवर ओलावा १३ टक्के आणि बिलात कटती शून्य. ३ टक्के म्हणजे ३ क्विंटल, साडेचार हजारांच्या भावाने १३,५०० रुपये जास्त गेले.

ऑफिसरांना विचारलं तेव्हा क्लार्कच्या बिलांबद्दल ते म्हणाले, "पैसा तर बरोबरच गेला ना साहेब, मग काय फरक पडते?" फरक पडतो तो आपल्या विसंबण्याला. ती दोन बिलं बरोबर निघाली यात कंट्रोलचं काही श्रेय नाही. अडत्याने मुळात बरोबर बिल दिलं, इतकंच.

दुसरी पायरी: आकडा काढा, पण तिथे थांबू नका

६० पैकी ४ म्हणजे ६.७ टक्के. आर्टिकलने इथे लिहिलं होतं, '८ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणून चालेल.' सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ६.७ हा नमुन्यातला दर आहे. ३,१२० बिलांतला खरा दर त्याहून जास्त असू शकतो, आणि किती जास्त, त्याची वरची मर्यादा काढावी लागते. ९५ टक्के खात्रीसाठी साधे गुणक पाठ असले तरी पुरतात: शून्य डेव्हिएशनला ३.०, एकाला ४.७५, दोनला ६.३, तीनला ७.७५, चारला ९.१५. गुणकाला नमुन्याच्या संख्येने भागायचं.

एक डेव्हिएशन निघालं असतं तर ४.७५ भागिले ६०, म्हणजे ७.९ टक्के. आपली ८ ची मर्यादा जेमतेम पाळली गेली असती. ६० हा आकडा त्याच हिशेबाने आला होता. चार निघाली, तर ९.१५ भागिले ६०, म्हणजे १५ टक्क्यांहून थोडं जास्त. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

संख्याशास्त्रीय नमुना घेतला नसेल तर हा हिशेब अधिकृतपणे लागू होत नाही. तरी अंदाज म्हणून मी तो करतोच. २५ बिलांच्या नमुन्यात एक डेव्हिएशन निघालं तरी 'एकच तर आहे' हे वाक्य किती पोकळ आहे ते त्यातून कळतं: ४.७५ भागिले २५, म्हणजे १९ टक्के.

तिसरी पायरी: कारण, आणि कारणाची परीक्षा

इथे जास्त वेळ द्या. एसए ३३० सांगतं की डेव्हिएशन सापडलं की त्याबद्दल नेमकी चौकशी करायची आणि त्याचा संभाव्य परिणाम समजून घ्यायचा. चौकशी म्हणजे ऑफिसरचं उत्तर उतरवून घेणं नव्हे. त्या उत्तराची परीक्षा घ्यावी लागते.

क्लार्कच्या दोन बिलांचं कारण असं मिळालं: ऑफिसर सहा दिवस रजेवर होते, हंगाम जोरात, ट्रक दारात उभे, म्हणून तेवढ्या दिवसांपुरते अधिकार क्लार्कला दिले. ऐकायला पटण्यासारखं. हे खरं असेल तर ते सहा दिवस वेगळे काढून बाकी वर्षावर विसंबता येईल.

पण 'खरं असेल तर'. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, त्यामुळे कोणत्या लॉगिनने कोणतं बिल कधी पास केलं याची यादी मागता येते. आम्ही क्लार्कच्या लॉगिनने पास झालेली सगळी बिलं काढली. रजेच्या सहा दिवसांत ७८ होती. आणि त्या दिवसांच्या बाहेर, जूनपासून जानेवारीपर्यंत विखुरलेली, आणखी ३१. रजा संपली तरी अधिकार परत काढलेच नव्हते, आणि काही बिलं तर रजेच्या आधीची निघाली. म्हणजे 'रजा' हे कारण अर्धंच खरं होतं.

कारण पडताळून पाहायचा माझा एक साधा नेम आहे. दिलेलं कारण खरं असेल तर डेटामध्ये काय दिसायला हवं आणि काय दिसता कामा नये, हे आधी लिहायचं आणि मग यादी उघडायची. यादी आधी पाहिली की मन तिला साजेशी गोष्ट रचतं.

'हा अपवादात्मक प्रकार आहे, त्यामुळे मोजू नका' असंही ऐकावं लागतं. एसए ५३० मध्ये अशा एकाकी चुकीला जागा आहे, पण ती अत्यंत विरळ परिस्थितीत, आणि उरलेल्या सगळ्या व्यवहारांत ती नाही याबद्दल भक्कम पुरावा मिळवल्यावरच. माझ्या इतक्या वर्षांत असं मी दोनदाच मान्य केलं असेल.

चौथी पायरी: गट वेगळा काढता येतो का

क्लार्कच्या बिलांची एक सोय होती: लॉगिनमुळे ती सगळीच्या सगळी ओळखता येत होती. १०९ बिलं, रक्कम ४.९ कोटी. हा गट वेगळा काढला आणि त्यात कंट्रोल शून्य आहे असं धरलं. उरली ३,०११ बिलं, ज्यांत आपल्या नमुन्यातली ५८ आणि डेव्हिएशन दोन: हरवलेली लॅब स्लिप आणि ओलाव्याचं बिल. ६.३ भागिले ५८, म्हणजे १०.९ टक्के. अजूनही ८ च्या वर. गट वेगळा काढूनही कंट्रोल तरलं नाही.

मग पार्टनर मित्राने सुचवलं, नमुना वाढव. गणिताने पाहिलं तर दोन डेव्हिएशनवर ८ टक्क्यांत बसायला ७९ बिलं लागतात, म्हणजे आणखी २१, आणि त्यात एकही डेव्हिएशन नको. करता आलं असतं. पण हवा तो निकाल येईपर्यंत नमुना ताणत गेलं, तर ९५ टक्के खात्री कागदावरच राहते. टप्प्याटप्प्याने तपासायचं असेल तर तसं आधीच ठरवून गुणक वेगळे घ्यावे लागतात.

शिवाय जुलैच्या बिलामुळे मला वाढवण्यात अर्थच वाटला नाही. तिथे सही होती. म्हणजे काही बिलांवर सही होते ती न पाहता. मग आणखी २१ बिलांवर सही आणि जुळते आकडे सापडले, तरी ऑफिसरने पाहून जुळवले की बिल मुळातच बरोबर होतं, हे कळणार कसं? न झालेल्या सहीपेक्षा न पाहता झालेली सही जास्त वाईट. पहिली यादीत सापडते, दुसरी सापडत नाही.

दुसरं एखादं कंट्रोल या चुका पकडतं का, तेही पाहिलं. प्लांट मॅनेजर दर महिन्याला उताऱ्याचा ताळा घेतात: किती सोयाबीन गेलं, किती तेल आणि किती ढेप निघाली. चांगलं काम आहे. पण त्यात १ टक्क्यापर्यंतचा फरक ते 'प्रोसेस लॉस' म्हणून सोडून देतात. १४० कोटींवर १ टक्का म्हणजे १ कोटी ४० लाख. आमची कामकाजाची मटेरियलिटी, म्हणजे ज्याच्या वरची चूक सुटता कामा नये ती रक्कम, होती १ कोटी २५ लाख. जाळीचं भोक माशापेक्षा मोठं. ते कंट्रोल आधाराला घेतलं नाही.

निर्णय: बिल पास करण्याच्या कंट्रोलवर विसंबायचं नाही, आणि खरेदीच्या रकमेबाबतची जोखीम वर न्यायची.

पाचवी पायरी: थेट तपासणी कशी बदलली

मूळ योजनेत कंट्रोलचा आधार असल्यामुळे रकमेच्या थेट तपासणीतून ५० टक्के खात्री मिळाली तरी पुरणार होतं. रुपयावार निवडीत, म्हणजे प्रत्येक रुपयाला निवडलं जाण्याची सारखी संधी असते त्या पद्धतीत, त्याचा गुणक ०.७. म्हणून १४० कोटी गुणिले ०.७ भागिले १.२५ कोटी, म्हणजे सुमारे ७८ बिलं. आधार गेल्यावर ८० टक्के खात्री हवी असं ठरवलं, गुणक १.६, आणि संख्या झाली १७९. हे दोन्ही गुणक 'चूक निघणार नाही' या गृहीतावरचे आहेत; आपल्याला तर चुका आहेत हे माहीतच होतं, म्हणजे १७९ सुद्धा कमीच.

बहुतेक ऑफिसांत हा बदल इथेच संपतो: नमुना दुप्पट करा, आर्टिकलला आणखी चार दिवस बुटीबोरीच्या बसमध्ये बसवा. पण संख्या वाढवण्याआधी विचारा की डेव्हिएशनने कोणत्या चुकीकडे बोट दाखवलं आहे. इथे ते ओलाव्याच्या कटतीकडे होतं. आणि ओलावा तर प्रत्येक ट्रकचा लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये, वजन काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. मग नमुना कशाला? ट्रक नंबर आणि तारखेवर तिन्ही याद्या जोडल्या आणि ३,१२० बिलांवर एकच सूत्र चालवलं. ई मध्ये निव्वळ वजन, एफ मध्ये भाव, एल मध्ये ओलावा, एच मध्ये बिलातली कटती रुपयांत:

```
=MAX(0,L2-10)/100*E2*F2-H2
```

उत्तर शून्याच्या वर आलं की कटती कमी झाली.

त्याआधी एक काम टाळू नका. लॅबचा आणि काट्याचा डेटा हा कंपनीनेच दिलेला आहे. तो विश्वासार्ह आहे का, हे तपासल्याशिवाय त्यावर इमारत उभी राहत नाही. आम्ही गेटवरच्या सुरक्षारक्षकांच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरमधून ४० ट्रक निवडले आणि ते काट्याच्या व लॅबच्या यादीत आहेत का ते पाहिलं. सुरुवात गेटपासून केली, कारण यादीतून सुरुवात केली असती तर यादीतून गळालेले ट्रक कधीच दिसले नसते. लॅबमध्ये नोंद नंतर बदलता येते का, तेही विचारलं. येते, पण बदलाची खूण राहते. बदललेल्या नोंदी अकराच होत्या, त्या सगळ्या पाहिल्या.

भावाची गोष्ट वेगळी. तो सौदा चिठ्ठीवर पेनाने लिहिलेला असतो, कोणत्याच मशीनमध्ये नसतो. म्हणून १७९ बिलांचा वाढीव नमुना फक्त भावासाठी ठेवला, आणि सोबत कळमना बाजार समितीच्या त्या-त्या दिवसाच्या भावाशी तुलना केली. प्लांटपोच भावात भाडं असतं, त्यामुळे तो कळमन्यापेक्षा वर असणारच. पाहायचं ते हे, की फरक रोज साधारण तेवढाच राहतो का. क्लार्कच्या १०९ बिलांचे कागद मात्र शंभर टक्के पाहिले.

वेळही बदलली. आधी जानेवारीपर्यंतचं काम करून फेब्रुवारी-मार्च कंट्रोलच्या भरवशावर सोडणार होतो. आता ते दोन महिनेही याच पद्धतीने तपासायचे ठरले, आणि ३१ मार्चच्या स्टॉक मोजणीला सायलोतल्या मालाचा ओलावा आमच्यासमोर मोजायचा असं कंपनीला लेखी कळवलं. कटती न लावता वजन घेतलं असेल तर पुस्तकातला माल प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो; खरेदीतली चूक अशी शेवटच्या साठ्यात जाऊन बसते.

कंट्रोल उत्तम चालत असतं तरी थेट तपासणी शून्यावर आणता आली नसती, हेही नव्या आर्टिकलना सांगतो. प्रत्येक मोठ्या व्यवहारगटावर काही ना काही थेट तपासणी एसए ३३० नुसार करावीच लागते.

काय निघालं

१०९ बिलांत दोन ठिकाणी भावाची चूक, मिळून ११,४०० रुपये. भावाच्या नमुन्यात काही नाही. ओलाव्याच्या सूत्रात मात्र ४६ बिलं वर आली, एकूण ६ लाख ३० हजार. मटेरियलिटीच्या मानाने किरकोळ. आर्टिकल खूश झाली, म्हणाली संपलं.

मी तिला ती ४६ बिलं अडत्यांच्या नावाने लावायला सांगितली. ३८ बिलं दोनच अडत्यांची होती, आणि एकूण खरेदीत त्या दोघांचा वाटा दहा टक्केही नव्हता. निष्काळजीपणा असा नावं पाहून होत नाही. म्हणून हा विषय चुकांच्या यादीतून काढून गैरप्रकाराच्या संशयाखाली, एसए २४० च्या चौकटीत नेला. अकाउंट्स ऑफिसरांना पुढचं काही न विचारता थेट संचालकांशी बोललो, आणि त्याच दोघांच्या आधीच्या वर्षाच्या बिलांवरही ते सूत्र चालवलं.

कंपनीची उलाढाल ५० कोटींच्या वर, त्यामुळे कलम १४३(३)(आय) खाली अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवरही मत द्यायचं होतं. ते मत ताळेबंदाच्या तारखेचं असतं, तर थेट तपासणी पूर्ण वर्षाची. कंपनीने फेब्रुवारीच्या शेवटी क्लार्कचे अधिकार काढले आणि ओलाव्याची कटती सॉफ्टवेअरच आपोआप लावेल अशी सोय केली. मार्चच्या बिलांवर ते नवं कंट्रोल चालतं का हे आम्ही वेगळं तपासलं. पण त्यामुळे एप्रिल ते जानेवारीच्या थेट तपासणीतलं एकही बिल कमी केलं नाही, आणि जुनी त्रुटी एसए २६५ नुसार संचालकांना लेखी दिली.

आर्टिकलच्या वर्किंग पेपरमधला 'सॅटिसफॅक्टरी' शब्द खोडून तिथे पाच ओळी आल्या: चार डेव्हिएशन कोणती, प्रत्येकाचं सांगितलेलं कारण आणि ते कशावर पडताळलं, वरची मर्यादा गटाआधी १५ आणि गटानंतर १०.९, नमुना का वाढवला नाही, आणि थेट तपासणीत काय बदललं, त्या वर्किंग पेपरचा नंबर. शेवटचा तो नंबर तिने आधी लिहिला नव्हता. त्यासाठी फाइल पुन्हा एकदा परत पाठवली.